चतुःसीमा

छोट्या जाहिरातीला शब्दांवर पैसे पडतात. त्यामुळे माणूस गरजेपुरतंच लिहितो. धुळ्यातल्या एका दैनिकाच्या जाहिरात खिडकीवर मी अनेक वर्षं बसलो आणि तिथे एक गोष्ट मनात पक्की झाली. आपल्या गल्लीबद्दल लिहायला म्हणून तिथे कोणी येत नाही, तरी गल्ली प्रत्येक मजकुरात येतेच. ती पत्त्यात येते, अटीत येते आणि सगळ्यात जास्त कारणात येते. ‘परगावी जात असल्याने’ हे तीन शब्द कोणी उगाच विकत घेत नाही. ते नसले तर वाचणाऱ्याला वाटतं, वस्तूच बिघडलेली असेल. म्हणजे त्या तीन शब्दांमागे कोणाचं तरी खरंच जाणं असतं.

यावरून एक गोष्ट लिहायला घेतली. पूर्ण गोष्ट जाहिरातींतच सांगायची, निवेदक नको, संवाद नकोत. घर मी रचलेलं आहे, माणसं रचलेली आहेत. मजकुराचे साचे मात्र खिडकीतून हातात येत असत तसेच ठेवले आहेत. जागा धुळ्याची जुनी वस्ती. १८१८ नंतर खान्देश इंग्रजांकडे गेला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने इथे सरळ गल्ल्या आखल्या. त्यांना आजही नंबरानेच ओळखतात. पांझरेच्या पलीकडे देवपूर. गोष्ट गल्लीतून निघून नदी ओलांडते.

पहिली जाहिरात १९७१ सालची.

पाहिजे : रुई-सरकीच्या पेढीवर अनुभवी दिवाणजी. मोडी वाचता येणाऱ्यास प्राधान्य. जेवणाची सोय घरी. समक्ष भेटा. गल्ली नं. ४, पिंपळाच्या पारासमोर.

घराला नाव नाही, घरनंबर नाही, वेळही दिलेली नाही. पार सांगितला की झालं. ‘जेवणाची सोय घरी’ या तीन शब्दांसाठी मी बराच विचार केला. पगाराचा आकडा टाकता आला असता, पण पेढीवाल्याच्या दृष्टीने ताटाची हमी मोठी. वाचणाऱ्याला त्यातून चूल दिसते, पंगत दिसते, आणि पेढी व घर एकाच छपराखाली आहेत हेही कळतं.

भाड्याने देणे : रस्त्याकडील गाळा, स्वतंत्र दार. माडीवर तीन खण, शिक्षक अथवा सरकारी नोकरदार कुटुंबास. नळ व संडास सामाईक. गल्ली नं. ४, पिंपळाच्या पारासमोर.

ही १९७४ ची. पत्ता तोच, म्हणजे घर तेच. रस्त्याकडचा गाळा रिकामा झाला, म्हणजे पेढी उठली. मध्ये काय घडलं ते जाहिरात सांगत नाही. खान्देशातल्या वाचकाला ते सांगावंही लागत नाही. १९७२ चा दुष्काळ, आणि त्याच साली राज्याने आणलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याने तो थेट घ्यायचा नाही. इकडे गुजरातची हद्द जवळ, मध्य प्रदेशाची जवळ. ज्यांचे पाय तिकडे होते त्यांनी धंदा तिकडे नेला, बाकीच्यांनी गाद्या गुंडाळल्या.

नोकरदारच का पाहिजे, यालाही कारण आहे. १९४७ च्या भाडे कायद्याखाली भाडेकरू एकदा बसला की उठवणं घरमालकाला जड जायचं. शिक्षकाची आणि कारकुनाची बदली होते, म्हणून तो आपोआप जागा सोडतो. त्या काळच्या ‘भाड्याने देणे’त नोकरदाराची अट सारखी दिसते. ती प्रतिष्ठेसाठी आहे असं वाचणाऱ्याला वाटतं, पण तिच्यामागे घर हातचं जाण्याची भीती असते.

शिवणवर्ग : उन्हाळी सुटीत, फक्त महिला व मुलींसाठी. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, झबली-टोपडी. दुपारी २ ते ५. गल्ली नं. ४, पारासमोरचे घर, माडीवर. फोन (पी.पी.).

१९८६. माडीवरचे शिक्षक बदलून गेले आणि घरातली मुलगी तिथे मशीन घेऊन बसली. जुन्या जाहिराती चाळणाऱ्याने हे ‘पी.पी.’ नीट पाहावं. तो नंबर जाहिरातदाराचा नसतो, शेजाऱ्याचा असतो. फोन वाजला की शेजारी खिडकीतून हाक मारणार आणि ही धावत जाणार. स्वतःच्या गरजेसाठी दुसऱ्याच्या घरातला फोन पेपरात छापायचा, यासाठी किती भरवसा लागत असेल! शेजाऱ्याला विचारलंय का, असं मी खिडकीवर हटकून विचारायचो. लोक माझ्याकडे आश्चर्याने बघायचे. विचारायचं काय त्यात?

हा शेजारी लक्षात ठेवायचा. तो पुढे येणार आहे.

विकणे : पायाचे शिलाई मशीन, उत्तम चालू स्थितीत. परगावी जात असल्याने. गल्ली नं. ४, पारासमोर.

१९८९. लग्नाचा शब्द मी टाकला नाही. तिने टाकला नसता म्हणून नाही टाकला. मशीन सासरी का नेलं नाही, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

मधली वर्षं भरभर जातात. ‘विद्यार्थ्यांसाठी कॉट बेसिस’ अशी १९९९ ची एक जाहिरात, तिचा पत्ता ‘गल्ली नं. ४, एस.टी.डी. बूथशेजारी’. ज्या गाळ्यात पेढी होती तिथेच आता बूथ. पत्त्यातून पार गेला आहे. पिंपळ तोडला की नुसताच सांगण्यातून उतरला, हे मी मुद्दाम मोकळं ठेवलं. कारण खिडकीवर असंच व्हायचं. खूण बदलायची, आणि जुनीचं काय झालं ते कोणी सांगायचं नाही. २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा आला, ‘अकरा महिन्यांचा करार’ जाहिरातींत रुळला आणि शिक्षक-नोकरदारांची ती जुनी अट हळूहळू विरली.

पाहिजे : देवपूर भागात तयार रो-हाऊस अथवा तळमजल्याचा फ्लॅट. घरात वयस्कर असल्याने जिना नको. पार्किंग आवश्यक. मध्यस्थ क्षमस्व.

२००७. मुलाची जाहिरात. यात गल्लीचा उल्लेखही नाही, फक्त मोबाइल नंबर. मोबाइल आला तशी ‘समक्ष भेटा’ची गरज संपली. त्यामुळे माणूस सध्या कुठे राहतो, हे जाहिरातीतून कळेनासं झालं. गोष्ट रचणाऱ्याची यात पंचाईत होते. ही जाहिरात त्याच घराची आहे हे वाचणाऱ्याने कशावरून ओळखायचं? मी पुढच्या जाहिरातीवर भिस्त ठेवली.

हरवले आहेत : वय ८१. रंग सावळा, अंगात पांढरे धोतर-सदरा, डोक्यावर टोपी. अहिराणीत बोलतात. देवपूर येथून सकाळी चहा घेऊन बाहेर पडले. पांझरा पुलावरून गल्ली नं. ४ कडे गेले असण्याची शक्यता. आढळल्यास कळवावे. योग्य बक्षीस दिले जाईल.

‘हरवले आहेत’ या जाहिराती घेताना हात थबकायचा. घरचे लोक घाईत असतात, फोटो पाकिटात दुमडलेला असतो, वर्णन सांगताना शब्द सापडत नाहीत. चपलेचा रंग आठवत नाही. पण माणूस कुठे गेला असेल, हे त्यांना जवळजवळ नेहमी ठाऊक असतं. जुन्या घराकडे. तिथे जाऊन आले का, असं विचारलं की म्हणतात, आलो, पण मिळाले नाहीत. २००९ च्या या जाहिरातीतले आजोबा गल्लीत पोहोचले असणार, असं मी धरलं आहे. पण कशावरून वळायचं? पार पत्त्यातून गेलाय, आणि २००९ पर्यंत एस.टी.डी. बूथही बंद पडत चालले होते. ‘मी मना घर जास’ एवढंच ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत असतील. सापडले की नाही, ते मी पुढच्या मजकुरातल्या एका अक्षरावर सोडलं आहे.

आता या गोष्टीचा गाभा. छोट्या जाहिरातींच्या पानावर एक मजकूर शब्दांवर जात नाही, जागेवर जातो. वकील तो टाईप करून आणतात आणि त्यातला एक शब्दही कमी करू देत नाहीत.

जाहीर नोटीस : तमाम जनतेस कळविण्यात येते की, धुळे शहरातील गल्ली नं. ४ येथील सिटी सर्व्हे मिळकत, जुने दुमजली धाब्याचे घर, ही कै. मूळ मालक यांचे वारस मुलगा यांच्या मालकी व कब्जेवहिवाटीची असून, ती माझे अशील यांनी कायम खरेदी करण्याचे ठरविले आहे. चतुःसीमा : पूर्वेस म्युनिसिपल गल्ली. पश्चिमेस सांडपाण्याचा बोळ. दक्षिणेस वैद्य यांचे घर. उत्तरेस अपार्टमेंट. सदर मिळकतीवर कोणाचाही वारसा, गहाण, दान, बोजा, पोटगी वा अन्य हक्क असल्यास चौदा दिवसांत लेखी पुराव्यासह कळवावे. अन्यथा तसा हक्क नाही अथवा असल्यास तो सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल.

२०१२. ‘कै.’ या अक्षरावरून आजोबांचं कळलं.

चतुःसीमा वाचायची सवय ज्याला आहे त्याला यात अख्खी गल्ली दिसते. मिळकत कुठली, हे खरेदीखतात चारी बाजूंच्या खुणांनी सांगावं लागतं, म्हणून त्यात शेजारी येतात. जुन्या खतांत चारांपैकी दोन-तीन बाजूंना माणसांची नावं असायची. इथे एकच उरलं आहे, दक्षिणेचं. उत्तरेला अपार्टमेंट आहे, आणि ते कधी उभं राहिलं याची जाहिरात मी गोष्टीत घातलेलीच नाही. शेजारचं घर पडून तिथे इमारत उभी राहिली आणि पेढीच्या घराने त्याची दखल घेतली ती स्वतः विकायला निघाल्यावर. खऱ्या गल्लीत हे असंच घडतं, म्हणून हा बदल मी त्या दोन शब्दांत टाकला.

नोटिशीतल्या चौदा दिवसांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. मुदत उलटली म्हणून कोणाचा हक्क मरत नाही. हक्क मरायला नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं, नाहीतर कोर्टाचा हुकूम. ‘आम्ही जाहीरपणे विचारलं होतं, कोणी पुढे आलं नाही’ असं उद्या म्हणता यावं, एवढ्यासाठी घेणारा नोटीस देतो. तिचा उपयोग असतो, पण तेवढाच. हे ठाऊक नसल्याने कितीतरी बायका नोटीस वाचून ‘आता संपलंच’ म्हणून गप्प बसल्या असतील.

या नोटिशीत एक शब्द फार काम करतो. ‘वारस मुलगा.’ मुलगी कुठे आहे? घाई असेल, किंवा ‘तिला साडीचोळी करू, सही देईल’ अशी खात्री असेल. खान्देशात बहिणीने भावाला सही देणं ही रीत आहे. न दिली तर माहेर तुटतं.

जाहीर हरकत : दि. … च्या नोटिशीस अनुसरून कळविण्यात येते की, सदर मिळकत वडिलोपार्जित असून त्यात माझे अशील, राहणार उधना, सुरत, या कै. मूळ मालक यांची कन्या असल्याने त्यांचा अविभक्त हिस्सा आहे. त्यांनी कोणतेही हक्कसोड पत्र लिहून दिलेले नाही. त्यांच्या संमतीशिवाय केलेला व्यवहार त्यांच्यावर बंधनकारक राहणार नाही.

मुलीला वडिलांच्या वाट्यात वारसा १९५६ च्या कायद्यानेच दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क मात्र महाराष्ट्रात १९९४ ला आला, आणि तोही तोवर लग्न झालेल्या मुली वगळून. १९८९ ला मशीन विकून गेलेली ही मुलगी त्यातून बाहेर राहिली. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिने लग्नाची अट ठेवली नाही. वडील त्या दिवशी हयात असायला हवेत का, यावर पुढे कोर्टांत बराच काथ्याकूट झाला आणि तशी गरज नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० ला ठरवलं. माझ्या गोष्टीत तो प्रश्नच येऊ नये म्हणून आजोबांना मी २००५ च्या पुढे जगवलं. तारखा अशा जुळवून घ्याव्या लागतात. वर्ष चुकलं तर कायदा जाणणाऱ्या वाचकाचा मजकुरावरचा विश्वास उडतो, आणि जाहिरातींच्या गोष्टीत निवेदक नसल्याने चूक सावरून घ्यायलाही कोणी नसतं.

उधन्याला बसून धुळ्याच्या पेपरातली नोटीस तिला कशी कळली? उधना, लिंबायत या भागांत खान्देशातली माणसं खूप आहेत, पण हा पेपर तिथे जात नाही. हरकतीत वकील याचं कारण लिहीत नाही, लिहिणारही नाही. म्हणून चतुःसीमेत दक्षिणेचं घर मी माणसाच्या नावाने ठेवलं. ज्या घरचा फोन १९८६ साली पेपरात छापला होता तेच हे घर असेल, तर या वेळी फोन तिथून लागला असेल. नोटिशीत आपलं नाव सीमा म्हणून छापून आलं की माणूस ती नोटीस वाचतोच.

पुढची पाच वर्षं कोरी. हरकत आली की घेणारा थांबतो, बयाणा अडकतो, भाऊ-बहीण दिवाळीला बोलत नाहीत. याचं काही पेपरात येत नाही, म्हणून गोष्टीतही आलं नाही. तडजोड झाली हे कळतं ते २०१७ ला.

विकणे आहे : जुन्या घराचे सागवानी खांब, तुळया, कडीपाट, दोन चौकटी कडी-कोयंड्यासह, माडीचा जिना. माल जागेवर पाहण्यास मिळेल. धाब्याची माती स्वखर्चाने विनामूल्य न्यावी. गल्ली नं. ४, एटीएमसमोर.

सागवान घनफुटावर विकलं जातं आणि जुन्या लाकडाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. मातीचं तसं नाही. धाब्याच्या छतावर दर पावसाळ्याआधी खारी माती टाकून चोपत, तिचे वर्षानुवर्षांचे थर साचत. घर पाडताना सगळ्यात जड निघतं ते छतच, आणि ते उचलून न्यायला मालकालाच पैसे मोजावे लागतात. म्हणून ‘विनामूल्य’. पत्त्यात पारानंतर बूथ आला होता, आता एटीएम आलं.

बुकिंग सुरू : शहराच्या मध्यवर्ती भागात फक्त ८ फ्लॅट्स. लिफ्ट, पार्किंग, वास्तुशास्त्रानुसार रचना. बाजार, मंदिर, शाळा चालत अंतरावर.

२०१८ च्या या मजकुरात महारेराचा नंबर नाही. २०१७ पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापावा लागतो. पण भूखंड पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा घरं आठापेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीतून सूट आहे. जुन्या गल्लीतल्या एका घराच्या जागेवर नेमके आठ फ्लॅट का निघाले, हे त्या आकड्यावरून ओळखता येतं. ‘मध्यवर्ती’ हा शब्दही बघा. १९७१ ला तो कोणी छापला नसता. वस्ती नदीपलीकडे पसरल्यावरच गल्ली मध्यावर आली.

इथे गोष्ट थांबवावी, असं वाचून पाहणाऱ्या एका मित्राने सुचवलं. घर पडलं, इमारत आली, झालं. मला ते पटलं नाही. गल्ली बदलते ती जाणाऱ्यांमुळे जशी, तशी येणाऱ्यांमुळेही, आणि येणाऱ्यांत परत येणारे असतात. हिस्सा मिळाल्यावर ती काय करेल, याचा मी पुष्कळ विचार केला. पैसे सुरतेत मुलाच्या धंद्यात घालेल, हे सर्वात शक्य कोटीतलं. पण ज्या बाईने माहेर तुटण्याची जोखीम घेऊन हरकत छापली, तिला नुसते पैसेच हवे होते असं मला वाटेना. म्हणून शेवटची जाहिरात तिची आहे, २०१९ ची. खिडकीवर ती आली असती तर मजकूर घेताना मी एकही शब्द गाळायला सांगितला नसता.

पाहिजे : गल्ली नं. ४ मध्येच लहान फ्लॅट, एकट्या महिलेस. पहिला मजला, खिडकी गल्लीकडे. घरी शिवणवर्ग घेण्यास सोसायटीची हरकत नसावी. पूर्ण रक्कम चेकने, व्यवहार लगेच. संपर्क सायंकाळी. उधना, सुरत.